दुसऱ्या फेरीतला रेफरी: उत्तर आलं, पण मुख्य प्रश्नाचं?

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. 82,309 पैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे जवळपास 17 टक्के. आता समजा, या आकड्यांवरचा एक पेपर दुरुस्त होऊन रेफरीकडे परत आलाय. दावा असा की हे प्रमाण ऊसतोडीमुळे वाढलं. पहिल्या फेरीत रेफरीचा मुख्य प्रश्न होता: तुलना कोणाशी? लेखकांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा घेतलाय. त्यात 15 ते 49 वयाच्या सगळ्याच येतात, अगदी कॉलेजातल्या मुलीही. मग त्याच गावांतल्या, त्याच वयाच्या, पण तोडीला न जाणाऱ्या बायका कुठे आहेत?

दुरुस्त पेपरात तक्ते सुधारले, भाषा नीट झाली. मुख्य प्रश्नावर मात्र ‘मर्यादा’ या भागात एकच ओळ आली. निष्कर्ष जसाच्या तसा.

इथे ‘बहुतेक शंका दूर झाल्या, किरकोळ दुरुस्ती पुरे’ असं लिहिणारा रेफरी शंका नुसत्या मोजतो, त्यांचं वजन बघत नाही. चांगला अहवाल सुटलेल्या शंकांची दोन ओळींत पोच देतो, नवे मुद्दे उकरत नाही आणि जुना प्रश्न पुन्हा मांडून दोन वाटा ठेवतो: तुलनेचा गट आणा, नाहीतर दाव्यातलं ‘मुळे’ काढा. नवी पाहणी जमणार नसेल, तरी दुसरी वाट खुली आहेच.

तुम्ही लेखकाच्या जागी असाल तर एवढंच तपासा: या उत्तरानंतर निष्कर्षातलं कोणतं वाक्य बदललं?