१५२ आणि फाइलवरचा शिक्का

समजा, २७व्या आठवड्यातली एक गरोदर बाई. सकाळी उपाशीपोटी साखर ८४. मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं. एका तासाने १६८, दोन तासांनी १५२. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत जी एकाच सुईची पद्धत वापरतात, तिच्यात दोन तासांचा आकडा १४० किंवा वर गेला की गरोदरपणातला मधुमेह धरतात. जेवलेली असो की उपाशी, फरक पडत नाही. आंतरराष्ट्रीय निकषात मात्र उपाशी ९२, एका तासाला १८०, दोन तासांना १५३ यांपैकी एक तरी मर्यादा गाठावी लागते. म्हणजे ही बाई एका कागदावर रुग्ण, दुसऱ्यावर निरोगी. २००८च्या 'हापो' अभ्यासाने दाखवलं की साखरेबरोबर धोका उतारासारखा हळूहळू चढतो, मध्ये कुठे पायरी नाही. रेघ माणसांनीच मारायची असते.

रेघेच्या अलीकडे-पलीकडे असण्याने तिच्या बाळंतपणात काय बदलतं, हा खरा प्रश्न. यासाठी ज्या पेपरचा आधार सगळे देतात तो म्हणजे २००५चा ऑस्ट्रेलियातला 'अकॉइस', कॅरोलिन क्राउदर आणि सहकाऱ्यांचा. १००० बायका. अर्ध्या उपचार गटात: आहाराचा सल्ला, घरी बोट टोचून साखर मोजणं, गरज पडली तर इन्सुलिन. उरलेल्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना निदान सांगितलंच नाही. बाळाचा मृत्यू, खांदा अडकणं, हाड मोडणं, नसेला इजा, असे गंभीर प्रकार ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. चार किलो किंवा जास्त वजनाची बाळं २१ टक्क्यांवरून १० वर. निकाल भक्कम आहे, त्यावर माझा वाद नाही.

पण तक्ता पुढे वाचा. कळा सुरू करून बाळंतपण उरकण्याचं प्रमाण उपचार गटात ३९ टक्के, दुसऱ्यात २९. बाळाला नवजात विभागात ठेवण्याचं ७१ आणि ६१. साखर आटोक्यात, बाळं लहान, मग हे आकडे वाढले का? कारण उपचार गटातल्या डॉक्टरांना निदान माहीत होतं! म्हणजे या प्रयोगात 'उपचार' म्हणजे आहार, मोजणी, इन्सुलिन आणि फाइलवरचा शिक्का, असं चारांचं गाठोडं आहे. पेपर वाचून 'आहाराने धोका कमी होतो' असं वाक्य आपण प्रबंधात सहज लिहितो. आहार वेगळा तपासलेलाच नव्हता. नाश्त्याला पोह्यांची बशी अर्धी करून सोबत उसळ किंवा अंडं घेतलं तर दोन तासांनंतरची साखर खाली येते हे बोट टोचून दिसतं, पण खांदा अडकण्यातली घट त्यातल्या कशामुळे, हे या रचनेतून निघत नाही.

शिक्क्याचं वजन किती हे बघायला १९९६चा टोरांटोचा अभ्यास काढा, डेव्हिड नेलर यांचा. तिथे सीमारेषेवरच्या, उपचार न झालेल्या बायकांची बाळं मोठी होती आणि सिझेरियन सुमारे ३० टक्के. निदान होऊन उपचार झालेल्यांची बाळं नेहमीच्या वजनाची झाली, तरी सिझेरियन ३३ टक्क्यांच्या आसपासच राहिलं, बाळ मोठं असो वा नसो. (हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, निदान झालेल्यांची साखर मुळात जास्त होती, हेही तेवढंच लक्षात ठेवायचं.)

इथवर वाचून 'शिक्काच वाईट' म्हणावंसं वाटतं. मलाही वाटलं होतं. मग २००९चा मार्क लँडन यांचा अमेरिकेतला प्रयोग वाचला. उपचार जवळपास तेच, डॉक्टरांना निदान माहीत, तरी कळा सुरू करण्याचं प्रमाण दोन्ही गटांत २७ टक्क्यांच्या आसपास, आणि सिझेरियन ३४ वरून २७ वर उतरलं. फरक कुठे? त्यांच्या आराखड्यात लिहिलं होतं की जास्तीच्या सोनोग्राफी आणि बाळाच्या ठोक्यांच्या चाचण्या फक्त नेहमीच्या प्रसूतीशास्त्रीय कारणांसाठीच करायच्या, दोन्ही गटांत. फरकाचं हे एकमेव कारण आहे असं सिद्ध होत नाही; देश वेगळा, बायकाही वेगळ्या. पण निदानानंतर डॉक्टरने काय करायचं हे आधी ठरवलेलं असेल, तर शिक्का आपोआप ऑपरेशन थिएटरकडे नेत नाही, एवढं नक्की दिसतं.

म्हणून असा पेपर हातात आला की निकालाच्या तक्त्याआधी मी पद्धतीच्या भागात दोन गोष्टी शोधते: निदान कोणाकोणाला माहीत होतं, आणि प्रसूतीची वेळ कोण, कशावरून ठरवत होतं. अकॉइसमध्ये पहिली स्पष्ट आहे, दुसरी डॉक्टरांवर सोडलेली.

आता आपली १५२ वाली बाई. समजा आहार बदलून तिची जेवणानंतर दोन तासांची साखर १२०च्या खाली राहिली, औषध लागलं नाही, बाळाची वाढ ठीक आहे. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला अशा बाईसाठी ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी घाई नको, ४० आठवडे ६ दिवसांपर्यंत वाट बघता येते, असा आहे. ३७व्या आठवड्यात 'शुगर आहे, करून टाकू' असं तिला कोणी म्हणालं, तर त्या वाक्याला या तिन्ही पेपरांपैकी एकाचाही आधार नाही.