पतंग सत्तावीस, मॉडेल म्हणतं बावीस

फोटोतल्या वस्तू मोजणाऱ्या मॉडेलवर प्रकल्प केला की अहवालात एक वाक्य हमखास येतं : "आमच्या मॉडेलची अचूकता ९५ टक्के आहे." हे वाक्य खोटं असतं असं नाही. पण फोटोत गर्दी असेल तर त्यातून कामाचं फारसं काही कळत नाही. संशोधनात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने या वाक्यावर शंका कशी घ्यावी आणि मॉडेलने दिलेला आकडा पुन्हा कसा तपासावा, ते आज एकाच उदाहरणावर बघू.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेतो. कपाशीवर गुलाबी बोंडअळी येतेय का हे कळावं म्हणून शेतात कामगंध सापळे लावतात. ल्यूरच्या वासाने नर पतंग येऊन अडकतात. शिफारस अशी आहे की एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज ८ किंवा जास्त पतंग सापडले, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं समजायचं आणि फवारणीचा निर्णय घ्यायचा. सापळ्यातले पतंग कागदावर ओतून मोबाइलने फोटो काढायचा आणि मोजणी मॉडेलवर सोपवायची, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. वाधवानी एआय या संस्थेने कपाशीच्या किडींसाठी अशी प्रणाली केली आणि तिच्यावरचा शोधनिबंध २०२० च्या केडीडी परिषदेत आला. खालचे आकडे मात्र त्या प्रणालीचे नाहीत. यंत्रणा समजावी म्हणून मी मांडलेलं ते गणित आहे.

समजा, एकाने सापळा तीन दिवसांनी एकदाच रिकामा केला. कागदावर प्रत्यक्षात २७ पतंग आहेत, म्हणजे रोजचे सरासरी ९. मॉडेल सांगतं २२, म्हणजे रोजचे सव्वासात. पातळी २४ ची होती. खरा आकडा तिच्या वर आहे आणि मॉडेलचा खाली. पाचाच्या चुकीने सल्ला उलटा झाला. मोजणी कमी झाली तर अळी बोंडात शिरते आणि मग फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. जास्त झाली तर नको असलेली फवारणी होते, आणि २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळमध्ये माणसं दगावली, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून "पाचाने काय होतं" असं इथे म्हणता येत नाही.

पहिली गळती : फोटो आकसतो

मोबाइलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा. चौकटीत ४०० × ३०० मिलिमीटर जागा आली असं धरा, म्हणजे मिलिमीटरला १० पिक्सेल. मिटल्या पंखांचा पतंग ८ मिमी लांब आणि ३ मिमी रुंद धरला तर फोटोत तो ८० × ३० पिक्सेल दिसतो. डोळ्यांना हे भरपूर आहे. पण मॉडेलला मूळ फोटो मिळतच नाही. योलो कुटुंबातली बरीच मॉडेलं फोटोची लांब बाजू आधी ६४० पिक्सेलवर आणतात. आता तोच पतंग उरला जेमतेम १३ × ५ पिक्सेलचा.

त्यात या मॉडेलांची सगळ्यात बारीक जाळी सहसा ८ पिक्सेलची असते. म्हणजे पतंगाची रुंदी जाळीच्या एका घरापेक्षाही कमी. दोन पतंग अंगाला अंग लावून पडले असतील तर दोघांचे मध्यबिंदू एकाच घरात येऊ शकतात आणि मॉडेलला तिथे एकच जाडसर पतंग दिसतो. मॉडेलने पतंग "ओळखला नाही" असं इथे झालेलं नसतं. वेगळं ओळखण्याइतकी माहिती त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

दुसरी गळती : चौकटींची छाटणी

ही जास्त फसवी आहे. डिटेक्टर एकाच पतंगाभोवती अनेक चौकटी टाकतो. त्यातली सगळ्यात खात्रीची ठेवायची आणि तिच्यावर फार चढलेल्या बाकीच्या काढून टाकायच्या, या पायरीला नॉन-मॅक्सिमम सप्रेशन, थोडक्यात एनएमएस, म्हणतात. "फार चढलेली" म्हणजे किती, हे आयओयूने ठरतं : दोन चौकटींचा सामाईक भाग भागिले दोघींनी मिळून व्यापलेली जागा. मर्यादा ०.५ ठेवली, तर त्याहून जास्त चढलेली चौकट "तोच पतंग पुन्हा" समजून उडवली जाते. गर्दीत ती बरेचदा शेजारच्या खऱ्या पतंगाची असते.

इथे एक गंमत बघा. दोन पतंग समांतर पडलेत आणि एक दुसऱ्यावर त्याच्या एक तृतीयांश रुंदीइतका चढलाय, म्हणजे मध्यबिंदूंतलं अंतर २० पिक्सेल. ते कागदाच्या कडेला समांतर असतील तर चौकटी ८० × ३० च्या आणि आयओयू येतो १० भागिले ५०, म्हणजे ०.२. दोघेही वाचले. आता तेच दोन पतंग तसेच, पण ४५ अंशात तिरपे. चौकट नेहमी सरळ असते, त्यामुळे तिरप्या पतंगाला सुमारे ७८ × ७८ ची चौकट लागते आणि तिच्यात बरीच जागा रिकामी असते. दोन चौकटी उभ्या-आडव्या प्रत्येकी १४ पिक्सेलने सरकलेल्या. सामाईक भाग ६४ × ६४, आयओयू सुमारे ०.५१. एक पतंग गायब! पतंग तेच, अंतर तेच, फक्त कोन बदलला.

मग मर्यादा वाढवून ०.७ का करू नये? करता येते, पण मग एकाच पतंगाच्या दोन चौकटी शिल्लक राहू लागतात आणि मोजणी वर जाते. एकच खुंटी दोन उलट चुका सांभाळते, म्हणून विरळ आणि दाट अशा दोन्ही फोटोंना बरोबर बसणारी एकच किंमत मिळत नाही. आणखी एक साधी गोष्ट तपासा : कमाल चौकटींची मर्यादा. टॉर्चव्हिजनच्या फास्टर आर-सीएनएनमध्ये ती मुळात १०० असते, अल्ट्रालिटिक्सच्या योलोत `max_det` ३०० असतं. डीईटीआर एनएमएस वापरत नाही, पण मूळ रचनेत त्याच्याकडेही १०० च जागा आहेत. कपाशीच्या पांढऱ्या बोंडांनी भरलेला फोटो दिला आणि उत्तर नेमकं १०० किंवा ३०० आलं, तर ती मोजणी नाही, ते छत आहे.

सरासरी काय लपवते

आता त्या ९५ टक्क्यांकडे येऊ. वरच्या कागदावर मॉडेलने ९ पतंग सोडले आणि पंखाचा तुकडा, माशी, कचरा असे ४ "पतंग" जास्तीचे धरले असं समजा. २७ वजा ९ अधिक ४, झाले २२. चूक दिसते ५, प्रत्यक्षात आहेत १३. दुसऱ्या एखाद्या कागदावर ५ सुटले आणि ५ जास्तीचे आले तर चूक शून्य दिसेल. एकूण आकड्यांच्या फरकाची सरासरी काढली की या चुका एकमेकींना खातात. त्यातच चाचणीच्या संचात बहुतेक कागद चार-पाच पतंगांचे विरळ असतील, तर सरासरी त्यांचीच बनते आणि दाट कागद तिच्यात बुडतात. म्हणून सुटलेले आणि जास्तीचे वेगळे लिहा, आणि निकाल गर्दीप्रमाणे गट पाडून द्या.

आकडा पुन्हा कसा तपासायचा

पहिली तपासणी खुंट्या हलवण्याची. खात्रीची मर्यादा, छाटणीची मर्यादा आणि फोटोचा आकार बदलून मोजणी किती हलते ते बघा.

```python
from ultralytics import YOLO
m = YOLO("patang.pt")
for s in (640, 1280):
    for c in (0.15, 0.25, 0.35):
        for i in (0.5, 0.7):
            r = m("tray.jpg", imgsz=s, conf=c, iou=i)[0]
            print(s, c, i, len(r.boxes))
```

सगळीकडे २६, २७ येत असेल तर ठीक. २२ पासून ३४ पर्यंत पसरत असेल, तर "२२" हा आकडा तुमच्या निवडीचा आहे, फोटोचा नाही. यानंतर फोटो ४५ अंशांत फिरवून पुन्हा चालवा. तिरप्या पतंगांची छाटणी होत असेल तर इथे ती उघडी पडते. पण स्थिर आकडा म्हणजे बरोबर आकडा नव्हे. कचऱ्याला पतंग समजणारं मॉडेल प्रत्येक वेळी तसंच समजू शकतं.

दुसरी तपासणी बेरजेची, आणि मला ती सगळ्यात आवडते, कारण तिला खरं उत्तर माहीत असावं लागत नाही. पतंग दोन कागदांवर वाटा, दोन फोटो काढा आणि दोन्ही आकड्यांची बेरीज एकत्र फोटोच्या आकड्याशी ताडा. वेगवेगळे १३ आणि १२ आले, एकत्र २२ आले, तर ३ चा फरक निव्वळ गर्दीने पडलाय. पतंग हलवता येत नसतील, म्हणजे हातात फक्त फोटो असेल, तर मूळ आकारातच त्याचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजा. शिवणीवरचा पतंग दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नियम ठेवा : ज्या तुकड्याच्या मूळ हद्दीत चौकटीचा मध्यबिंदू येतो, त्यातच तो मोजायचा. एक सावधगिरी : मॉडेल लहान पतंगांवर शिकलं असेल तर तुकड्यांतले मोठे पतंग त्याला अनोळखी वाटू शकतात. तेव्हा आधी थोड्या फोटोंवर हाताने पडताळा.

तिसरी तपासणी हाताची. फोटोवर ४ × ५ च्या रेघा मारा, मॉडेलचा निकाल न बघता चिठ्ठ्या टाकून पाच घरं निवडा आणि मोजा. त्यानंतरच चौकटी दाखवा आणि सुटलेल्यांवर एक खूण, जास्तीच्यांवर दुसरी खूण करा. निकाल आधी बघितला तर डोळे चौकटींमागे जातात आणि चौकट नसलेला पतंग तुम्हालाही दिसत नाही. प्रश्नाला थेट वाक्यात उत्तर देणाऱ्या प्रतिमा-भाषा मॉडेलांची अडचण इथेच आहे. "साधारण २५ आहेत" असं म्हटल्यावर कोणते २५, हे ताडायला समोर काही नसतं. अशा मॉडेलकडून प्रत्येक वस्तूचा बिंदू मागा. बिंदू वस्तूंवर बसत नसतील तर आकडा बाजूला ठेवा.

शेवटी अहवालात काय लिहायचं? "२२ पतंग" असं नाही. "मॉडेल २२, खुंट्या हलवल्यावर २२ ते ३४, दोन कागदांची बेरीज २५, पातळी २४" असं लिहा. यातले दोन आकडे पातळीला चिकटलेले आहेत आणि पट्टा तिला दोन्ही बाजूंनी घेरतो, म्हणजे इथे निर्णय मॉडेलचा नाही, पतंग पसरून हाताने मोजायचे आहेत. कागदावर तीनच पतंग असते किंवा ऐंशी असते, तर पाचाच्या चुकीने सल्ला बदलला नसता आणि हा खटाटोप करावा लागला नसता. तुमच्या प्रकल्पातही आधी तो आकडा शोधा जिथे निर्णय फिरतो, आणि तपासणीचे कष्ट त्याच्या आसपास घाला.