'स्पष्ट नाही म्हणा' : एका उपदेशाची तपासणी

लैंगिक जबरदस्ती टाळण्यासाठी पाश्चात्त्य देशांत तरुणींचे जे प्रशिक्षण-वर्ग घेतले जात, त्यांत एक सूत्र हमखास असे : नकार थेट द्या, ठामपणे द्या, कारणे सांगत बसू नका. १९९९ साली सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी 'डिस्कोर्स अँड सोसायटी' या नियतकालिकातील लेखात या सूत्रालाच हरकत घेतली. त्यांची बाजू कोठे भक्कम आहे आणि कोठे अपुरी, ते आपण पाहू.

लेखाचा आधार आहे संभाषण-विश्लेषण, म्हणजे ध्वनिमुद्रित बोलण्याचा बारकाईने अभ्यास. या शास्त्रात प्रश्न-उत्तर, आमंत्रण-प्रतिसाद अशा जोडवाक्यांना 'संलग्न जोडी' म्हणता येईल. पहिला भाग उच्चारला गेला की दुसरा अपेक्षित असतो; तो आला नाही, तर त्याचे न येणेही जाणवते. मात्र दुसऱ्या भागाचे पर्याय समान वजनाचे नसतात. आमंत्रणाचा स्वीकार बहुधा लगेच आणि थोडक्यात होतो. नकार रेंगाळत येतो. या दोन घडणींना अनुक्रमे 'पसंत' व 'नापसंत' प्रतिसाद म्हणतात. येथे मनातल्या आवडीचा संबंध नाही. कंटाळवाण्या गृहस्थांचे जेवण टाळताना मनातून आनंद होत असला, तरी आपण चाचरतच नकार देतो.

या शास्त्रात वारंवार दिले जाणारे इंग्रजी फोन-संभाषणाचे उदाहरण घ्या. एक बाई दुसरीला सकाळी कॉफीला बोलावते. दुसरी आधी किंचित हसते, मग 'बरं का' अशा थाटाचा शब्द उच्चारते, आमंत्रणाचे कौतुक करते, 'जमेलसं वाटत नाही' म्हणते आणि शेवटी कारण सांगते : वर्तमानपत्रात जाहिरात दिली आहे, म्हणून फोनजवळ थांबायला हवे. यात सरळ 'नाही' कोठेच नाही. तरी हा नकार आहे याबद्दल शंका उरत नाही.

ऐकणाऱ्याला हे कळते, याचा पुरावा पुढच्या वाक्यात मिळतो. ज्युडी डेव्हिडसन यांनी १९८४ साली दाखवले की, उत्तरात खंड पडला की आमंत्रण देणारा पुष्कळदा आपणहून आमंत्रण बदलतो. आम्ही रचलेला मराठी नमुना असा :

"रविवारी आमच्याकडे जेवायलाच या ना."
(क्षणभर शांतता)
"नाहीतर संध्याकाळी चहाला तरी या."

नकार उच्चारला जाण्यापूर्वीच तो ऐकला गेला आहे. नाहीतर जेवणाचा चहा झाला नसता.

किट्झिंगर आणि फ्रिथ यांचा युक्तिवाद येथून निघतो. नकाराची सर्वमान्य रीतच आडवळणाची असेल आणि ती सर्वांना समजत असेल, तर 'तिने स्पष्ट नाही म्हटले नाही, म्हणून मला कळले नाही' ही सबब टिकत नाही. उलट मुलींना नुसते 'नाही' म्हणायला लावणे म्हणजे त्यांना उद्धट ठरणारी रीत शिकवणे, आणि दोषही त्यांच्याच बोलण्यावर टाकणे. आम्हाला हा भाग पटतो.

उणीव पुराव्यात आहे. नकाराच्या रीतीचे पुरावे कॉफी-जेवणाच्या आमंत्रणांसारख्या साध्या बोलण्यातले आहेत, आणि तरुणींनी गटचर्चेत सांगितले ते नकाराविषयीचे मत आहे. प्रत्यक्ष नकाराचे मुद्रण नव्हे. असे मुद्रण मिळवणे अवघडच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण पुरुषांच्या गटचर्चा घेतल्या गेल्या आणि आडवळणाचे नकार त्यांना चांगले ओळखता येतात असे दिसले. त्याने युक्तिवादाला बळ मिळते, पण तीही चर्चाच आहे.

दुसरी सावधगिरी शांततेबद्दल. कोबिन केंड्रिक आणि फ्रान्सिस्को टोरेरा यांनी २०१५ साली इंग्रजी फोन-संभाषणांतील खंड मोजले. सुमारे ०.७ सेकंदापेक्षा लांब खंडानंतर नापसंत प्रतिसादांचे प्रमाण वाढते. त्याहून कमी अंतरात केवळ वेळेवरून भेद करणे कठीण जाते. प्रतिसाद कोणत्या शब्दांत बांधला आहे हेही लक्षात घेतले, तेव्हा वेळेतले फरक अधिक स्पष्ट दिसले. म्हणून 'थांबला म्हणजे नकार' असा घड्याळी नियम करता येत नाही. आपल्याकडे पाहुणा चहाला चटकन "नको, नको" म्हणतो आणि दुसऱ्या आग्रहाला कप हातात घेतो. तेथे झटपट आलेला 'नको' शेवटचा शब्द नसतो. चहाच्या आग्रहाची ही मुभा मात्र अंगलट करणाऱ्याला लागू होत नाही. चहा नाइलाजाने घेतला तर फारसे बिघडत नाही, तेथे बिघडते.

वर्गात हा विषय घेताना म्हणूनच दोन गोष्टी एकत्र सांगाव्यात असे आम्हाला वाटते. ज्या मुलीला थेट 'नाही' म्हणायचे आहे, तिने ते जरूर म्हणावे. आणि "बघते", "आज नको वाटतं", किंवा नुसती शांतता समोर आली, तर थांबण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याची आहे. शंका असेल तर त्याने पुढे सरकण्याऐवजी विचारावे. पहिली गोष्ट मुलींना बहुतेक ठिकाणी शिकवली जाते. दुसरी मुलांना शिकवण्याचा धडा अजून लिहायचा आहे.