समिती आहे, आराखडा कुठे आहे?

आज आम्ही शाळा व्यवस्थापन समितीबद्दल बोलणार आहोत. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. त्याच्या कलम २१ ने समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं सांगितलं. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतून निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतात आणि स्थानिक संस्थेचा एक निवडून आलेला सदस्य, गावात म्हटलं तर ग्रामपंचायतीचा, समितीवर बसतो. रचना चांगलीच आहे. आमची टीका वेगळ्या जागी आहे.

कायद्याचा जीव कलम २२ मध्ये आहे. समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारने किंवा स्थानिक संस्थेने पुढचं नियोजन व अनुदान त्याच्या आधारे ठरवायचं. म्हणजे गरज गावातून वर जायला हवी. प्रत्यक्षात काय होतं?

समजा, करमाळा तालुक्यात जेऊरच्या आसपास जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची एक शाळा आहे. पटावर ९५ मुलं. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे तिथे चार शिक्षक हवेत. आहेत तीन. समितीने ठराव केला तरी शिक्षक देणं जिल्हा परिषदेच्या हातात. समग्र शिक्षेच्या निकषाप्रमाणे या पटाला वर्षाला २५,००० रुपयांचं संयुक्त अनुदान, त्यातला किमान दहावा भाग, म्हणजे २,५००, स्वच्छतेवर. उरलेल्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती. गळकं छत त्यात बसत नाही. मग समिती कशावर देखरेख करते? तर या छोट्या रकमेच्या पावत्यांवर. मोठे निर्णय तिच्या डोक्यावरून जातात.

आराखडा खरा की नावापुरता, हे ओळखायला ठरावाचं बुक पुरेसं आहे. यंदाचा मजकूर मागच्या वर्षीसारखाच असेल, ‘दुरुस्तीची मागणी करावी’ एवढंच लिहिलं असेल, तर तो आराखडा नव्हे. खऱ्या आराखड्यात पुढच्या तीन वर्षांचा वर्गनिहाय पट, लागणारे शिक्षक, खोल्या, साहित्य आणि दरवर्षीचा खर्च असतो.

आणि ग्रामपंचायत? प्राथमिक शिक्षण अकराव्या अनुसूचीत आहे. ग्रामपंचायत स्वतःचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे ठेवते. पण शाळेचा आराखडा तिथे पोचतोच असं नाही, कारण पोचवायचं कुणी हे कुणी विचारत नाही. आम्हांला वाटतं, समितीवरच्या ग्रामपंचायत सदस्याचं खरं काम हेच. बैठकीत सही करून उठायचं नाही; छताचं अंदाजपत्रक हातात घेऊन ग्रामसभेत उभं राहायचं. शिक्षकाची मागणी मात्र पटाच्या आकड्यासह पंचायत समितीकडे, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यायची आणि पोच घ्यायची.

याने शिक्षक लगेच येईल, असं आम्ही म्हणत नाही. पण मागणी कागदावर असली की नकारही कागदावर द्यावा लागतो. जबाबदारी पालकांवर आणि अधिकार दुसरीकडे, अशी जी वाटणी झाली आहे ती तेव्हा निदान सगळ्यांना दिसते. आज ती दिसतही नाही, आणि आमची मुख्य तक्रार तीच आहे.