‘मूल्यमापन करा’ म्हणजे नेमके काय करा?

मंडळी, आता प्रश्नपत्रिकेकडे वळू. ‘भारतीय कामगार चळवळीच्या कार्याचे मूल्यमापन करा, गुण 10.’ हा प्रश्न विद्यार्थी कसा वाचतो? ‘कामगिरी लिहा’ असा. मग नारायण मेघाजी लोखंडे, रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती, अशी यादी येते आणि शेवटी ‘अशा प्रकारे हे कार्य मोलाचे आहे’. निर्णय शेवटच्या ओळीत चिकटवलेला असतो. ती ओळ पुसली तरी उत्तराचे काही बिघडत नाही, यावरूनच ओळखावे की मूल्यमापन झालेलेच नाही.

दोष विद्यार्थ्याचा नाही हो. मूल्यमापनाला निकष लागतो. चळवळ यशस्वी म्हणजे मागणी मान्य झाली की संघटना टिकली? दोन्ही गोष्टी बरोबर येतातच असे नाही. लोखंड्यांचेच बघा. 24 एप्रिल 1890 ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन स्त्रियाही बोलल्या. 10 जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. मागणीच्या निकषावर पूर्ण यश! पण त्यांच्या संघटनेला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियम नव्हते, अशी नोंद 1892 च्या सरकारी अहवालातच आहे. टिकाऊ संघटनेच्या निकषावर मग काय म्हणायचे?

आणखी एक अडचण आहे, ती कारणाची. सभेनंतर सुट्टी मिळाली म्हणून सभेमुळे मिळाली, हे तर्कशास्त्रात चालत नाही. इथल्या गिरण्यांवर कायद्याचे बंधन यावे म्हणून लँकेशायरचे मालक कधीचे मागे लागले होते; त्यांना स्पर्धा नको होती. 1891 च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी सक्तीची झालीच. मग मालकांनी आधी दिली ती कामगारांच्या रेट्याने, की येणारा कायदा दिसत होता म्हणून?

म्हणून प्रश्न असा घालावा: ‘1890 च्या सुट्टीत कामगारांच्या संघटित प्रयत्नांचा वाटा निर्णायक होता का? कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही मत बदलाल?’ सोबत सभेचा वृत्तान्त आणि कायद्यातले कलम, असे दोन छोटे उतारे द्यावेत. ते न देता हा प्रश्न विचारला तर पोरे पुन्हा गाइडच उतरवतील. दहापैकी सहा गुण पुराव्यापासून निष्कर्षापर्यंतच्या वाटेला ठेवावेत, आणि ‘हो’ म्हणणाऱ्यालाही ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही ते मिळायला हवेत. परीक्षकांची अडचण इथेच होते. आदर्श उत्तरात एकच बाजू छापलेली असते. चळवळीबद्दल आदर असलेले परीक्षक — मीही त्यातलाच — ‘नाही’ वाचले की पेन आखडते घेतात. पण ज्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्यातल्या ‘हो’ला आपण निर्णय कशाला म्हणायचे?