दहा गुणांचा डेडलॉक

वर्गातल्या सराव परीक्षेत एका मुलीने लिहिलेलं एक उत्तर मी तिच्या परवानगीने जपून ठेवलं आहे. ऑपरेटिंग सिस्टिम्सचा पेपर, अडीच पानांचं उत्तर, निळं पेन आणि आकृतीसाठी पेन्सिल. प्रश्न नेहमीचाच होता : डेडलॉकची व्याख्या द्या, त्याच्या आवश्यक अटी आकृतीसह स्पष्ट करा आणि डेडलॉक टाळण्याची पद्धत उदाहरणाने दाखवा. शंभर गुणांच्या तीन तासांच्या पेपरात अशा प्रश्नाच्या वाट्याला अठरा मिनिटं येतात. तेवढ्या वेळात काय लिहायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय सोडायचं, याचा विचार या उत्तरात ओळीओळीतून दिसतो.

आधी मथळे पाहू. ते चार आहेत : व्याख्या, आकृती, चार अटी, टाळण्याची पद्धत व उदाहरण. प्रश्नात जे मागितलं, तेच शब्द उचलून मथळे केले आहेत. ‘प्रस्तावना’ नाही, ‘निष्कर्ष’ नाही. गठ्ठ्यातल्या कितीतरी उत्तरांची सुरुवात चौकातल्या वाहतूक कोंडीने होते. चार गाड्या, चार बाण, अर्धं पान खर्ची, आणि ऑपरेटिंग सिस्टिम अजून आलेलीच नसते. कोंडीला गुण देण्याची सोय माझ्याकडे नाही.

व्याख्या एकाच वाक्याची आहे : ‘प्रोसेसेसच्या एखाद्या संचातली प्रत्येक प्रोसेस अशा घटनेची वाट पाहत असेल, की जी घटना त्याच संचातली दुसरी प्रोसेसच घडवू शकते, तर तो संच डेडलॉकमध्ये आहे.’ यातला ‘त्याच संचातली’ हा तुकडा फार मोलाचा. बहुतेक मुलं ‘प्रोसेसेस कायमच्या अडकून पडतात’ एवढ्यावर थांबतात. पण कायमची वाट पाहणं स्टार्व्हेशनमध्येही होऊ शकतं. कमी प्रायॉरिटीची प्रोसेस ताटकळत राहते आणि बाकी सिस्टिम मजेत चालू असते. डेडलॉकमध्ये सोडवणारा आणि अडकलेला एकाच संचात असतात, म्हणून बाहेरून कुणी हस्तक्षेप केल्याशिवाय सुटका नाही. हा फरक तिने वेगळा परिच्छेद न लिहिता दोन शब्दांत बसवला आहे. इथेच एक गुण पूर्ण मिळाला.

यानंतरचा क्रम मला सर्वांत आवडला. पुस्तकांत आधी चार अटी येतात आणि रिसोर्स अॅलोकेशन ग्राफ मागाहून. तिने आकृती आधी काढली आणि अटी तिच्यावर बोट ठेवून सांगितल्या. P1 आणि P2 ही दोन वर्तुळं, R1 म्हणजे प्रिंटर आणि R2 म्हणजे स्कॅनर हे दोन चौकोन. प्रत्येक चौकोनात एकच ठिपका, कारण प्रिंटर एक आणि स्कॅनरही एकच. मिळालेल्या रिसोर्सचा बाण ठिपक्यातून निघून प्रोसेसकडे जातो, तर मागणीचा बाण प्रोसेसकडून निघून चौकोनाच्या कडेला टेकतो. हे बारकावे तिने पाळले आहेत. मागणीचा बाण ठिपक्यापर्यंत नेला, तर अमुक एकच प्रिंटर हवा असा त्याचा अर्थ होईल; खरं तर प्रोसेसला त्या जातीचा कोणताही चालतो. आकृतीखाली एका ओळीत वर्तुळाचा मार्ग लिहिला आहे :

```
P1 → R2 → P2 → R1 → P1
```

या ओळीमुळे परीक्षकाला बाणांवरून पेन्सिल फिरवत बसावं लागत नाही. एकच गोष्ट राहिली. कोणता बाण मागणीचा आणि कोणता मिळाल्याचा, याची सूची आकृतीशेजारी नाही. मला कळलं, पण आकृतीने ते स्वतः सांगायला हवं होतं. अर्धा गुण गेला.

आता अटी. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी 1971 च्या लेखात मांडलेल्या या चार अटी पाठ करायला दहा मिनिटं पुरतात, आणि म्हणूनच त्या पाठ केल्यासारख्या लिहिल्या जातात. इथे प्रत्येक अट आकृतीतल्या एका खुणेला बांधली आहे. म्युच्युअल एक्स्क्लुजन : चौकोनात ठिपका एकच आणि त्यातून निघणारा बाणही एकच, म्हणजे प्रिंटर एका वेळी एकाच प्रोसेसकडे. होल्ड अँड वेट : P1 कडे एक बाण येतो आणि P1 कडून एक बाण जातो, हातात प्रिंटर आहे आणि स्कॅनरची मागणी चालू आहे. सर्क्युलर वेट : बाणांच्या मागोमाग गेलं की निघालो तिथेच परत येतो.

नो प्रीएम्प्शनपाशी मात्र ती थांबली असणार, कारण ही अट आकृतीत कुठेच दिसत नाही. तिथे तिने लिहिलं आहे : ‘ही अट आकृतीत दिसत नाही, ती बाण पुसण्याचा नियम आहे. R1 → P1 हा बाण फक्त P1 पुसू शकते, आणि तेही काम संपल्यावर.’ हे वाक्य मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. इतर तीन अटी म्हणजे त्या क्षणाचं चित्र. ही चौथी सांगते की ते चित्र बदलायचं कसं आणि कुणी. चारही अटी एकाच वेळी लागू असाव्या लागतात, एक तुटली तर डेडलॉक होत नाही, हेही शेवटी आलं आहे. चारपैकी चार.

अटींच्या खाली समासाला लागून एक छोटी आकृती आहे, आणि ती मागितलेली नव्हती. त्यात R1 च्या चौकोनात दोन ठिपके आहेत. एक P1 कडे, दुसरा P3 कडे, आणि P3 ला आणखी काहीच नको आहे. बाकी बाण तेच. वर्तुळ तसंच आहे, पण डेडलॉक नाही. P3 काम संपवून आपला प्रिंटर सोडेल, तो P2 ला मिळेल, P2 स्कॅनर सोडेल आणि सगळं सुटेल. म्हणजे प्रत्येक रिसोर्सची प्रत एकच असेल, तर वर्तुळ दिसणं म्हणजे डेडलॉक असणंच. एकाहून जास्त प्रती असतील, तर वर्तुळ असूनही डेडलॉक नसू शकतो. ‘वर्तुळ म्हणजे डेडलॉक’ असं सरसकट लिहून मुलं इथे गुण घालवतात. या चार ओळींच्या आकृतीला वेगळा गुण नाही, पण ती पाहिल्यावर पुढचं वाचताना माझ्या मनात शंका उरली नाही.

उरलेले तीन गुण उदाहरणाचे. प्रश्नात ‘टाळण्याची पद्धत’ असं आहे, तरी अर्धा वर्ग प्रतिबंधाच्या युक्त्या लिहितो. तिने दोन्हींमधला फरक एका वाक्यात उरकला : प्रतिबंधात चारपैकी एक अट आधीच मोडून ठेवतात, टाळण्यात चारही अटी राहू देतात आणि प्रत्येक मागणी मान्य करण्याआधी पुढचं तपासतात. मग डाइक्स्ट्राचा बँकर्स अल्गोरिदम. पुस्तकातली पाच प्रोसेसेस आणि तीन रिसोर्सेसची मोठी टेबलं या वेळात मांडणं धोक्याचं, एक वजाबाकी चुकली की सगळं कोसळतं. तिने एकाच जातीचे दहा रिसोर्स आणि तीन प्रोसेसेस घेतल्या.

```
Need = Max - Allocation
```

| प्रोसेस | जास्तीत जास्त गरज | हातात | अजून हवे |
|---|---|---|---|
| P1 | 8 | 4 | 4 |
| P2 | 4 | 2 | 2 |
| P3 | 7 | 2 | 5 |

दहापैकी आठ वाटले, शिल्लक दोन. दोनमध्ये फक्त P2 ची गरज भागते. ती पूर्ण होऊन आपले चार परत करते, तेव्हा शिल्लक चार होतात. आता P1 ची गरज भागते, तिचे आठ परत येतात. मग P3, आणि शेवटी दहाही मोकळे. P2, P1, P3 हा सेफ सीक्वेन्स सापडला, म्हणून स्थिती सुरक्षित. प्रत्येक पायरीला शिल्लक किती, ते तिने उजवीकडे लिहून ठेवलं आहे. निव्वळ क्रम लिहिणाऱ्यांना मी एक गुण देतो. शिल्लक दाखवणाऱ्यांना दोन, कारण तपासलं ते शिल्लक आकड्यानेच.

पण खरी रंगत पुढे आहे. तिने विचारलं : आता P3 ने आणखी एक मागितला तर? दिला असं धरू. P3 कडे तीन, तिला अजून चार हवेत, शिल्लक एक. P1 ला चार हवेत, P2 ला दोन, P3 ला चार. एकात कुणाचंच भागत नाही. स्थिती असुरक्षित, म्हणून मागणी थांबवायची. आणि तोच एक P2 ने मागितला तर? P2 ला अजून एक हवा, शिल्लकही एकच, ती पूर्ण होते, चार मोकळे होतात आणि पुढचा क्रम आधीसारखाच लागतो. मागणी मान्य. दोघींनी एकेकच मागितला, शिल्लकही दोन्हीकडे सारखीच. तरी एकीला होकार आणि दुसरीला नकार. बँकर्स अल्गोरिदम शिल्लक मोजून थांबत नाही, मागणी मान्य केल्यावर सगळ्या प्रोसेसेस कुठल्यातरी क्रमाने आपलं काम पुरं करून परतफेड करू शकतील का हेही पाहतो, आणि हे समजलं आहे असं सिद्ध करायला याहून लहान उदाहरण मी पाहिलेलं नाही.

त्याखाली एक सावध ओळ आहे : ‘असुरक्षित म्हणजे डेडलॉक नव्हे.’ बरोबर. P3 ची मागणी मान्य केली असती तरी सगळ्यांनी आपापली कमाल गरज मागितलीच असती असं नाही. एखादीने मध्येच काही सोडलंही असतं. असुरक्षित स्थितीत डेडलॉक होण्याची शक्यता असते आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात खात्री उरत नाही. त्याला लागून तिने या पद्धतीची मर्यादाही लिहिली आहे : प्रत्येक प्रोसेसने आपली कमाल गरज सुरुवातीलाच सांगितलेली असली पाहिजे. रोजच्या वापरातल्या संगणकावर प्रोग्रॅम असं काही सांगत नाहीत, म्हणून ही पद्धत तिथे क्वचितच चालते. हे लिहिणारी मुलं फार थोडी.

उदाहरणात त्रुटी एकच. मागणी आली की आधी दोन गोष्टी तपासायच्या असतात : ती जाहीर केलेल्या गरजेपेक्षा जास्त तर नाही ना, आणि तेवढं शिल्लक आहे ना. त्यानंतरच ‘दिला असं धरू’. तिने थेट ‘दिला असं धरू’ पासून सुरुवात केली. तिच्या आकड्यांत दोन्ही तपासण्या उघडपणे पार पडतात, त्यामुळे उत्तर चुकलेलं नाही, पण अल्गोरिदमची पायरी लिहून दाखवणं हाच इथे प्रश्न होता. इथेही अर्धा गुण गेला.

व्याख्या एक, आकृती दीड, अटी चार, उदाहरण अडीच. दहापैकी नऊ गुण, आणि शेवटच्या पानावर रेघ मारून अर्धं पान कोरं सोडलेलं.