चटईक्षेत्र : एका माझगावच्या कथेतला एक शब्द

मागच्या वेळी आपण ठरवलं होतं की आज छापून आलेली कथा न घेता, इथंच आलेली एक हस्तलिखित कथा घ्यायची. लेखिका आज सभागृहात आहेत. त्यांनी नाव घेऊ नका असं सांगितलंय, तेव्हा घेत नाही. परवानगी मात्र पूर्ण दिली आहे, आणि कठोर बोला असंही सांगितलंय. आम्ही दोघांनी ती स्वतंत्रपणे वाचली, मग एकत्र बसून भांडलो. त्या भांडणातून जे उरलं ते आज मांडतो.

कथा थोडक्यात अशी. माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या वरच्या बाजूला एका जुन्या इमारतीत राहणारी एक अनुवादक बाई. वकिलांच्या कार्यालयासाठी करारांचे मराठी मसुदे करते. रात्रीची शेवटची लोकल गेलीय. हातात काम आहे ते एका चाळीच्या पुनर्विकासाचं : प्रत्येक भाडेकरूशी होणारा कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार. मराठी मसुदा दुसऱ्याच कुणीतरी केलेला आहे, हिनं तो फक्त इंग्रजीशी ताडून बघायचा. सकाळी दहाला सह्या. आणि तिला एक शब्द सापडतो. इंग्रजीत आहे ‘बिल्टअप एरिया ४०५ चौरस फूट’. मराठीत आहे ‘चटईक्षेत्र ४०५ चौरस फूट’. चूक भाडेकरूंच्या बाजूची आहे. दुरुस्त केली तर त्यांची जागा कमी होते. ती रात्रभर बसते आणि शेवटी चूक तशीच ठेवून फाइल पाठवते. उजाडतं. कथा संपते.

पहिली गोष्ट म्हणजे शब्दाची निवड. ही निवड फार चांगली आहे, आणि आमच्या मते कथेतलं सगळ्यात खरं काही असेल तर हेच. कारण हा शब्द मराठीत मुळातच दोन घरचा पाहुणा आहे. घराच्या आत, भिंतीपासून भिंतीपर्यंत चटई अंथरता येईल ती जागा म्हणजे चटईक्षेत्र, म्हणजे आपण म्हणतो ते कार्पेट. २०१६ च्या रेरा कायद्यातली व्याख्याही साधारण हीच : आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, उघडी गच्ची वगळायची. पण एफएसआयला सरकारी मराठीत काय म्हणतात? चटईक्षेत्र निर्देशांक. आणि तो मोजताना चटईचा हिशेब नसतो, बांधकामाचा असतो, भिंतींसकट. म्हणजे एकाच कागदावर पान तीनवर ‘चटईक्षेत्र’ भिंती धरून आहे आणि पान सातवर भिंती वगळून. आधीच्या अनुवादकानं पान तीनवर एफएसआयचं भाषांतर केलं, आणि पान सातवर बिल्टअप आलं तेव्हा हात त्याच शब्दावर गेला. हे अज्ञान नाही. हा सरावाचा परिणाम आहे, आणि म्हणूनच पटतो. गिरणगावात, माझगावात कुठल्याही चाळीच्या सभेत उभे राहा, लोक ‘चटईक्षेत्र’ म्हणत नाहीत, ‘कार्पेट किती देणार ते बोला’ म्हणतात. आता, ज्यांना कार्पेट कळतं त्यांच्यासाठी आपण चटईक्षेत्र लिहितो आणि तिथंच घोळ होतो. लेखिकेनं हा विरोधाभास पाहिलाय, फक्त दोन वाक्यांत उरकलाय. तिथं थांबायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, चूक सापडते कशी. कथेत ती शब्दकोश उघडते, चहाचा कप बाजूला ठेवते, आणि ‘अचानक’ तिला शब्द दिसतो. हा ‘अचानक’ आम्हाला पटला नाही. करार ताडून बघणारा माणूस शब्दकोश उघडतच नाही हो. तो आधी आकडे बघतो, मग व्याख्यांचं कलम, मग परिशिष्टं. कारण करारात शब्दाचा अर्थ कोशातून येत नाही, व्याख्येच्या कलमातून येतो. तिथं ‘चटईक्षेत्र म्हणजे’ असं काही लिहिलं असेल तर तेच खरं, नसेल तर वाद उघडा. आणि परिशिष्टात नकाशा असतो. समजा नकाशावर घराचं बाहेरून बाहेर माप २७ फूट बाय १५ फूट आहे. गुणाकार केला की ४०५. आता चारही बाजूंना सहा इंची भिंत धरा. आतून उरतं २६ बाय १४, म्हणजे ३६४. फरक ४१ चौरस फुटांचा. सहा बाय सातच्या जवळपास. चाळीतल्या माणसाला विचारा, एवढ्यात ओटा मावतो, मोरी मावते.

म्हणजे चूक कळायला भाषेचं ज्ञान लागत नाही, पाढे लागतात. तिनं नकाशा उघडून कागदाच्या कोपऱ्यात हा गुणाकार केला असता, तर वाचकाच्याही हातात ते ४१ फूट आले असते. आत्ता कथेत फरक ‘मोठा’ आहे एवढंच कळतं. मोठा म्हणजे किती, हे न सांगता नैतिक पेच उभा राहत नाही. ती कशावर रात्र जागतेय ते आम्हाला मोजता आलं पाहिजे.

आता ज्याच्यावर आम्ही भांडलो ते. कथेच्या दुसऱ्याच परिच्छेदात, चहा ठेवण्याआधी, ती कराराचं शेवटचं कलम तपासते. लेखिकेनं ते वातावरणासाठी टाकलंय असं वाटतं, कामाचा रटाळपणा दाखवायला. ते कलम असं आहे : मराठी व इंग्रजी मजकुरात तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. आणि त्यानंतर सबंध कथेत या कलमाचा उल्लेख नाही!

पण सगळी कथा तर इथंच आहे. हे कलम असेल तर मराठीतल्या चुकीनं करार बदलत नाही. बदलते ती फक्त सही करणाऱ्याची समजूत. चाळीतली माणसं मराठी प्रत वाचणार, कार्पेट ४०५ मिळतंय म्हणून खूश होऊन सही करणार, आणि ताब्याच्या दिवशी टेप लावल्यावर ३६४ भरणार. मग कोर्टात इंग्रजी प्रत पुढे येणार. म्हणजे बाईनं जी चूक त्यांच्यावरच्या मायेपोटी ठेवली, तीच त्यांना फसवते. लेखिका शेवटी तिला उजेडात, हलक्या मनानं खिडकीशी उभी करतात. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, हा उपरोध आहे, लेखिकेनं मुद्दाम केलाय. दुसऱ्याचं म्हणणं, कलम त्या विसरल्या. उपरोध असता तर कथेत कुठंतरी त्याची खूण असती, निदान ते कलम दुसऱ्यांदा डोळ्यांसमोर आलं असतं. आता आम्ही दोघंही विसर पडला याच बाजूला आलो आहोत.

कलम नसतं तर? मग गोष्ट वेगळी, आणि जास्त गुंतागुंतीची. दोन्ही प्रती सारख्याच वजनाच्या असतील तर संदिग्ध शब्दाचा अर्थ मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध लावण्याकडे न्यायालयाचा कल असू शकतो. मसुदा बिल्डरचा. पण नकाशा इंग्रजीच्या बाजूनं बोलतोय हे विसरू नका. बिल्डर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २६ खाली दुरुस्ती मागू शकतो, फक्त त्याला दाखवावं लागेल की दोन्ही पक्षांच्या मनात आधीपासून बिल्टअपच होतं, आणि ते कागदावर चुकून वेगळं उतरलं. सभेत लोकांनी ‘कार्पेट, कार्पेट’ म्हणून ओरडा केला असेल तर हे सिद्ध करणं सोपं नाही. बघा, शब्द तोच, चूक तीच, आणि एका कलमाच्या असण्या-नसण्यावर तिचं गप्प बसणं मदत ठरतं की घात, हे ठरतं.

ही अडचण या कथाप्रकाराचीच आहे. रात्री जागणारा अनुवादक आणि एक शब्द, यात चूक आणि बरोबर एवढंच वाचकाला दिसतं. कोणता मजकूर चालणार, हा प्रश्न निसटतो. इतिहासात असा खरा प्रसंग आहे, कल्पनेपेक्षाही नेटका. ४ फेब्रुवारी १८४० ची रात्र, न्यूझीलंड. हॉब्सन यांनी इंग्रजी करार हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याच्या हाती दिला, आणि त्यानं मुलगा एडवर्ड याच्यासह तो रातोरात माओरीत आणला. सहाला वायतांगीला सह्या झाल्या. इंग्रजीत ‘सार्वभौमत्व’ दिलं होतं, माओरीत शब्द आला ‘कावानातांगा’, म्हणजे गव्हर्नरपणा, राज्यकारभार. बहुतेक माओरी प्रमुखांनी सह्या केल्या त्या माओरी प्रतीवर. दोन भाषांतल्या दोन करारांचा वाद आजही चालू आहे. तिथं विल्यम्सला चूक झाली की त्यानं शब्द निवडला, यावर इतिहासकार भांडतात. कुठली प्रत चालणार, हे त्या रात्री त्यानं ठरवलं नव्हतं. ते पुढं ज्याच्या हातात सत्ता आली त्यानं ठरवलं.

आणि माझगाव घेतलंच आहे तर लेखिकेला पायाखालचीच गोष्ट दाखवतो. १६६१ च्या विवाहतहात पोर्तुगालनं इंग्लंडच्या राजाला मुंबईचं बंदर आणि बेट दिलं, त्याला लागून असलेल्या हक्कांसह आणि प्रदेशांसह. लागून म्हणजे कुठपर्यंत? इंग्रज १६६२ मध्ये आले तेव्हा त्यांना साष्टीसुद्धा हवी होती. गोव्याच्या पोर्तुगीज विजरईला बेट म्हणजे फक्त बेट द्यायचं होतं. १८ फेब्रुवारी १६६५ ला हम्फ्री कुक यांनी ताबा घेतला तेव्हाच्या कागदात माझगाव, परळ, वरळी ही गावं मुंबईच्या बेटात धरली गेली. माहीम नाही. माहीम इंग्रजांनी थोड्याच काळात ताब्यात घेतलं. त्या प्रसंगात कुणाचं भाषांतर चुकलं नव्हतं. शब्द सैल होता, आणि तो सैल असणं दोघांनाही सोयीचं होतं, आधी एकाला आणि मग दुसऱ्याला. कथेतल्या बिल्डरच्या वकिलालाही ‘चटईक्षेत्र’ सैल असणं सोयीचं असू शकतं. तो शब्द त्याच्या कार्यालयातूनच आलाय ना? बाईच्या मनात ही शंका एकदाही येत नाही, याचं आम्हाला आश्चर्य वाटलं. चूक आहे असं ती गृहीत धरते. सापळा असेल असं तिला वाटत नाही.

शेवटी तिसरा मार्ग, जो कथेत नाहीच. दुरुस्त करणं किंवा गप्प राहणं, यात लेखिकेनं तिला कोंडलंय. पण या धंद्यात समासात टीप लिहितात. ‘पान ७ : इंग्रजीत बिल्टअप, मराठीत चटईक्षेत्र, नकाशाचं आतलं माप ३६४. कृपया खुलासा करावा.’ दोन ओळी. ती टीप वकिलाच्या टेबलावर पडली की त्याला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. आणि बाईला पुढच्या महिन्यात काम येईल की नाही, याची खात्री राहत नाही. पंधरा वर्षं ती याच कार्यालयाचं काम करतेय, हे कथेतच आहे. तिचं भाडं त्यातून जातं. तेव्हा गप्प राहणं तिच्यासाठी धाडसाचं नाही, सोपं आहे, आणि टीप लिहिणं अवघड आहे. लेखिकेनं हे उलटं मांडलंय.

पुन्हा लिहिणार असाल तर आमची एकच मागणी आहे. सूर्योदय, खिडकी, बंदरावरचा भोंगा, हे शेवटचे तीन परिच्छेद काढा. ती नकाशा उघडते, २६ गुणिले १४ करते, शेवटच्या कलमाकडे परत जाते आणि पेन्सिल समासावर टेकवते. तिथं सोडा. लिहिते की नाही ते आम्हाला कळलं नाही तरी चालेल.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेले ते काका मघापासून हात वर करून आहेत, आधी त्यांना माइक द्या.